६ जानेवारी २००९ ला तुम्हाला काय माहीत होतं?

आज थेट एका तारखेवर जाऊ. ६ जानेवारी २००९, मंगळवार. समजा तुमची स्ट्रॅटेजी साधी आहे: कमाईच्या मानाने स्वस्त असलेले शेअर घ्यायचे. तुम्ही बॅकटेस्ट लिहिलाय आणि तो या दिवशी येऊन थांबलाय. समोर सत्यम कॉम्प्युटर्स आहे.

शेअरचा भाव साधारण १७९ रुपये, म्हणजे बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत सुमारे १२ हजार कोटी. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने जाहीर केलेला ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी. चारने गुणा, वर्षाचे जवळजवळ २,६०० कोटी. म्हणजे कंपनी वर्षाच्या नफ्याच्या पाचपटीहूनही कमी किमतीत मिळतेय, वर बँकेत ५,३६१ कोटी रोख दाखवलेली. मेटासच्या प्रकरणाने डिसेंबरमध्ये भाव आधीच आपटला होता, म्हणून ती इतकी स्वस्त. तुमचा कोड म्हणणार, घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंग राजूंचं पत्र आलं. खरा ऑपरेटिंग नफा ६१ कोटी, आणि दाखवलेल्या रोखीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या दिवशी शेअर ४० रुपयांच्या आसपास बंद झाला.

आता गंमत बघा. समजा तुमच्या डेटाबेसमध्ये कुणीतरी प्रामाणिकपणे ती तिमाही दुरुस्त करून ठेवलीय. ६४९ खोडून ६१ लिहिलंय. तोच हिशोब पुन्हा करा: वर्षाचे २४४ कोटी, म्हणजे किंमत जवळजवळ ५० पट. कोड म्हणणार, महाग आहे, सोड. बॅकटेस्टचा आलेख छान वर जातो आणि आपण आपल्याच स्ट्रॅटेजीवर खूश. पण ६ जानेवारीला ६१ हा आकडा बाजारात कुणाकडेच नव्हता. खरा आकडा वापरूनसुद्धा टेस्ट खोटी ठरली! म्हणून पॉइंट-इन-टाइम डेटा. आकडा बरोबर होता की चूक हे तिथे बघत नाहीत. त्या दिवशी लोकांसमोर कोणता होता, तेवढंच बघतात.

(शिवाय सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. आजच्या कंपन्यांची यादी घेऊन टेस्ट केलीत तर ती त्यात दिसणारच नाही. तो वेगळा घोळ, त्यावर वेगळा एपिसोड करू.)

तुम्ही म्हणाल, घोटाळे रोज थोडेच होतात? बरोबर. पण आकडे बदलायला घोटाळा लागत नाही. २०१६-१७ पासून मोठ्या कंपन्या इंड-एएस या नव्या हिशोब पद्धतीवर गेल्या. तुलनेसाठी त्यांना २०१५-१६ चे आकडेही नव्या पद्धतीने मांडावे लागले. जुन्या पद्धतीत प्रस्तावित लाभांश ३१ मार्चलाच नेटवर्थमधून वजा व्हायचा. नव्या पद्धतीत भागधारकांनी मंजूर केल्याशिवाय वजा होत नाही. म्हणजे इतर काही न बदलता मार्च २०१६ चं नेटवर्थ मागाहून वाढलं, आणि भरपूर लाभांश देणारी कंपनी बुक व्हॅल्यूच्या हिशोबात जास्त स्वस्त दिसायला लागली. मे २०१६ मध्ये शेअर घेणाऱ्याला ती तशी दिसत नव्हती.

उपाय टेबलाच्या रचनेत आहे. जुनी ओळ कधीच खोडायची नाही. नवा आकडा आला की नवी ओळ टाकायची, आणि प्रत्येक ओळीत दोन तारखा ठेवायच्या: आकडा कोणत्या काळाचा आहे ती, आणि तो एक्स्चेंजकडे कधी आला ती. मग क्वेरी अशी:

```sql
SELECT DISTINCT ON (symbol)
       symbol, period_end, eps
FROM results
WHERE filed_on < :test_date
ORDER BY symbol, period_end DESC, filed_on DESC;
```

हे पोस्टग्रेसचं आहे. त्या दिवसाच्या आधी आलेल्या ओळींमधून सगळ्यात अलीकडचा काळ, आणि त्या काळाची तोपर्यंतची शेवटची आवृत्ती. `<` मुद्दाम ठेवलंय, कारण बरेच निकाल बाजार बंद झाल्यावर येतात. त्या दिवशीच्या भावाला ते वापरता येत नाहीत.

फुकटच्या डेटात `filed_on` बहुतेक वेळा नसतंच. मग लोक अंतर सोडतात: सेबीच्या नियमाने वार्षिक निकालाला ६० दिवस मिळतात, म्हणून मार्चचे आकडे १ जूनपासून वापरायचे. मीही आधी हेच केलं. पण कोविडच्या वर्षी ही मुदत ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवली होती, तिथे हा जुगाड फसतो. आणि मागाहून बदललेल्या आकड्यांवर त्याचा काहीच उपयोग नाही. तारीख कितीही पुढे ढकला, आकडा नवाच राहतो.

तुमचा डेटा कसा आहे ते एका संध्याकाळी कळेल. दहा कंपन्या घ्या, बीएसईच्या साइटवरून मे २०१६ मधले त्यांचे निकाल उघडा, आणि २०१५-१६ चा नफा व नेटवर्थ तुमच्या फाइलशी ताडून बघा. आकडे पुढच्या वर्षीच्या निकालातल्या तुलनेच्या रकान्याशी जुळले आणि मूळ निकालाशी जुळले नाहीत, तर तुमच्या फाइलमध्ये जुनं वर्ष पुसून नवं लिहिलेलं आहे.