‘आवडेल ना?’ असं विचारू नका

(शिक्रापूर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं बोलणं)



पाहुणा जेवायला बसला की आपण विचारतो, “भाजी बरी झालीय ना?” तो बिचारा काय म्हणणार? “छान झालीय, वहिनी.” मीठ जास्त पडलं असलं तरी तेच. खरं उत्तर त्याच्या ताटात असतं. भाजी परत मागून घेतली का, वाटीत किती उरली, ते बघितलं की कळतं.

आमच्या गटाचा यूट्यूबवर रेसिपीचा चॅनेल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. चॅनेलवर व्हिडिओशिवाय नुसता मजकूर किंवा मतदानही टाकता येतं. त्याला कम्युनिटी पोस्ट म्हणतात. आम्ही तिथे मतदान टाकलं. प्रश्न असा होता: “आमच्या गावरान, पौष्टिक बाजरीच्या पदार्थांची मालिका तुम्हाला बघायला आवडेल ना?” पर्याय तीन: “हो, नक्की”, “खूप आवडेल” आणि “नाही”. ११२ मतं पडली, त्यात “नाही” म्हणणारे फक्त ७. आम्ही खूश! सहा व्हिडिओ केले. ऐन कांदा काढणीत चौघींचे सहा दिवसांचे रोज बुडाले, तूप-गुळाचा खर्च गटातून झाला. आणि व्हिडिओ? निम्मे लोक पहिल्याच मिनिटात निघून गेले.

लोक खोटं बोलले का? नाही. आम्हीच त्यांना पाहुण्यासारखं बसवून विचारलं होतं.

तो प्रश्न पुन्हा वाचा. शेवटी “ना?” आहे, म्हणजे आम्हाला “हो” हवंय हे उघड झालं. “गावरान, पौष्टिक” म्हणून आमचं कौतुक आम्हीच करून ठेवलं. पौष्टिक नको असं कोण म्हणेल? होकाराला दोन जागा ठेवल्या, नकाराला एकच. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे “आवडेल” हा शब्द. तो उद्याचा आहे. उद्याचं “हो” म्हणायला काही पडत नाही. गेल्या आठवड्यात माणसानं खरंच काय केलं, ते विचारलं तरच त्याची गरज कळते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही मतदान टाकलंच नाही, आधी मोकळा प्रश्न टाकला. आमच्यातल्या एकीनं लिहिलं होतं, “गेल्या आठवड्यात स्वयंपाकात काय बिघडलं?” मग दुसरी म्हणाली, “अगं, बिघडलंच असेल असं आपणच कशाला ठरवायचं?” तेव्हा बदलून असं केलं: “गेल्या आठवड्यात घरी कोणता पदार्थ करून बघितला? करताना काय झालं?” चांगलं झालं, वाईट झालं, दोन्ही लिहायला जागा राहिली. आमच्याकडून पहिली कमेंटही टाकली नाही. कारण पहिली कमेंट जशी, तशाच पुढच्या येतात. एकीनं पुरणपोळी लिहिलं की दहा जणी पुरणपोळीच लिहितात.

४३ उत्तरं आली. ती आम्ही वहीत उतरवली, त्यांच्याच शब्दांत, आणि सारखी-सारखी एका खाली एक लावली. तेव्हा डोळे उघडले. लिहिणारी बरीचशी मुलं-मुली सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांत कामाला, नाहीतर पुण्यात शिकायला. खोलीत एक गॅस, कुणाकडे मिक्सर नाही. “दहा माणसांची आमटी दाखवता, मी एकटा आहे,” असं एकानं लिहिलं. बाजरीही आली, पण कशी? “बाजरीची भाकरी थापताना चिरते.” त्यांना बाजरीचे लाडू नको होते, भाकरी हवी होती.

मोकळा प्रश्न आधी का, तर आपल्या डोक्यात नसलेली गोष्ट आपल्या पर्यायांतही नसते. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचा ‘आपली आजी’ चॅनेल तुम्ही पाहिला असेल. त्यांच्या कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. आपण “काय बघाल?” अशी यादी केली असती, तर कारलं तिच्यात घातलं असतं का?

वहीतल्या उत्तरांवरून मग मतदान तयार केलं. यूट्यूबच्या मतदानात जास्तीत जास्त पाच पर्याय बसतात आणि माणसाला एकच निवडता येतो. प्रश्न होता: “गेल्या आठवड्यात स्वयंपाक करताना यातली कोणती अडचण सगळ्यात जास्त आली?”

भाकरी थापताना चिरली
एक-दोघांपुरतं प्रमाण कळलं नाही
वेळ पुरला नाही
मिक्सर नव्हता
यातलं काही नाही (खाली लिहा)

हा शेवटचा पर्याय विसरू नका. तो नसला की ज्याला काहीच अडचण नाही तोही कुठेतरी बोट ठेवतो, आणि आपण त्याला खरं समजतो. पर्याय सगळे सारख्याच साध्या शब्दांत ठेवा. एकाला “झणझणीत” आणि दुसऱ्याला नुसतं “आमटी” म्हटलं की मत झणझणीतला जाणार. एका पर्यायात दोन गोष्टी नकोत. “सोपं आणि स्वस्त” याला मत पडलं तर सोपं हवंय की स्वस्त, हे कसं कळणार?

९६ मतं पडली: प्रमाणाला ३८, भाकरीला २७, वेळेला १६, मिक्सरला ६, “यातलं काही नाही” ला ९. स्क्रीनवर नुसते टक्के बघू नका, एकूण मतं किती तेही बघा. प्रमाण आणि भाकरी यांत फक्त अकरा जणांचा फरक होता. एवढ्यावर भाकरी सोडून देणं बरं नव्हे. आम्ही एक व्हिडिओ एकट्यापुरत्या आमटीचा केला, एक भाकरीचा. आधी सहा नाही, दोनच. लोक ते कुठपर्यंत बघतात ते यूट्यूब स्टुडिओत दिसतं. तेच आपलं ताट. या दोन्हींत लोक शेवटापर्यंत थांबले, म्हणून आता पुढचे करतोय.

एक सावधगिरी सांगते. हाच प्रश्न काही जणी गटाच्या वॉट्सअ‍ॅपवर टाकतात. तिथे कुणी कशाला मत दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. अध्यक्ष ताईंनी एकाला मत दिलं की बाकीच्या तिकडेच जातात. यूट्यूबवर मत देणाऱ्याचं नाव आपल्याला दिसत नाही, म्हणून तिथे माणूस मोकळा असतो. पण तिथेही मत देणारे आपल्या चॅनेलला आधीच धरून असलेलेच असतात. जे सोडून गेले, त्यांचं म्हणणं मतदानात येत नाही. ते बसमध्ये, बाजारात, ओळखीच्या पोरीला विचारूनच कळतं.

पोस्ट टाकण्याआधी आम्ही आता एक परीक्षा घेतो. प्रश्न शेजारणीला वाचून दाखवायचा आणि तिला विचारायचं, “मला कोणतं उत्तर हवंय असं वाटतं तुला?” तिनं लगेच ओळखलं, तर प्रश्न परत लिहायचा. ती म्हणाली, “काय की बाई, कळत नाही,” तर खुशाल टाकायचा.

आणि उत्तर काहीही आलं तरी आपण आपलंच करणार असू, तर विचारूच नका. लोकांचा वेळ जातो, आणि पुढच्या वेळी ते उत्तर देत नाहीत.