पडद्यावर किती, तोंडी किती

मैत्रिणींनो, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बैठकीसाठी आपण केलेल्या स्लाइड्स मी तपासल्या. विषय, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातली स्थानिक समिती.

दुसऱ्या स्लाइडवर अख्खं कलम उतरवलेलं होतं. लोक ते वाचत बसतात, आपलं बोलणं ऐकत नाहीत. म्हणून एकच ओळ ठेवली: '10 पेक्षा कमी कामगार असतील, तर तक्रार स्थानिक समितीकडे.' बाकीचं तोंडी सांगू.

मग नुसती शीर्षकं ओळीनं वाचली: 'प्रस्तावना', 'कायदा', 'तरतुदी', 'अनुभव'. त्यातून काहीच उलगडत नव्हतं. तक्रार कुठे करायची हेच घरकामगार बाईला कळलं नाही, हा अनुभव 9 व्या स्लाइडवर होता; तो पहिला आणला. त्यामागे तिच्या हातातली 3 महिन्यांची मुदत, आणि मग मागणी.

शेवटी लिहिलं होतं, 'जनजागृती व्हावी.' पण कोणी, काय करावं? आता तिथे आहे: 'समिती सदस्यांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.' आता अधिकाऱ्यांना तिथेच विचारता येईल, कोणत्या तारखेपर्यंत?