कलवरी व्हायला नाही म्हणताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी संगणकाच्या क्षेत्रातली आहे, तेव्हा त्यावर काही तरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. पण मी लग्नाबद्दल बोलणार आहे. जवळच्या मैत्रिणीनं ‘माझी कलवरी हो, माझी पाठराखीण हो’ असं म्हटलं आणि आपल्याला ते जमणार नसेल, तर नाही कसं म्हणायचं, एवढाच माझा विषय आहे.

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू. शहरात ज्याला करवली म्हणतात, तिला जुन्नर-आंबेगावकडे आपण कलवरी म्हणतो. मंगलाष्टकांच्या वेळी ती दिवा आणि पाण्याचा कलश घेऊन नवरीच्या मागं उभी राहते. लग्नपत्रिकेत तिचं नाव छापतात आणि तिला मानाची साडी असते. पाठराखणीचं काम पाठवणीनंतर सुरू होतं. नवरीबरोबर ती सासरी जाते, एक-दोन रात्री राहते आणि नवरी मांडवपरतणीला माहेरी येते तेव्हा तिच्याबरोबर परत येते. पूर्वी धाकटी बहीण किंवा एखादी जाणती आत्या-मावशी जायची. नव्या घरात पाणी कुठं आहे, अंघोळ कधी करायची, हे विचारायलासुद्धा नवरी संकोचते. तेव्हा आपलं म्हणता येईल असं एक माणूस तिच्याजवळ असावं, हा त्यामागचा अर्थ आहे.

म्हणजे या एका विनंतीत तीन गोष्टी असतात: मान, काम आणि सोबत. नाही म्हणताना आपण यातलं काय नाकारतो आहोत, हे आधी स्वतःला कळलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष घडलेलं सांगते. आपल्याच बॅचमधल्या एका मैत्रिणीचं लग्न बेचाळिसाव्या वर्षी ठरलं. तिला विचारूनच सांगते आहे, पण नाव घेत नाही. तिला सख्खी बहीण नाही. नवरदेवाला पहिल्या लग्नाची चौदा वर्षांची मुलगी आहे. म्हणजे हिला एकाच दिवशी नवऱ्याच्या आणि एका मोठ्या मुलीच्या घरात पाऊल टाकायचं होतं. लग्नाला दोन महिने असताना तिचा फोन आला. म्हणाली, “कलवरी तूच आणि पाठराखीणही तूच. दोन रात्री माझ्याजवळ राहा. दुसरं काही मागत नाही.”

लग्न गुरुवारी, ओतूरकडे. माझे वडील मंचरला असतात आणि त्यांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असं असतं. एक वेळ चार तासांची. नंतर कधी रक्तदाब उतरतो, चक्कर येते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांना एकटं सोडता येत नाही. घरात त्यांच्याजवळ राहणारी मी एकटीच.

मी तिला म्हटलं, “मला दोन दिवस दे. परवा रात्री नऊला मी स्वतः फोन करते.” हा अवधी टाळण्यासाठी मागायचा नसतो, खरोखर पाहण्यासाठी मागायचा. मी डायलिसिस केंद्रात वार बदलून मिळेल का ते विचारलं. त्या आठवड्यात दुसरी जागा रिकामी नव्हती आणि मधला खंड वाढवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. मग प्रश्न मिटला.

परवा नऊला मी फोन केला. शब्द जवळजवळ असे होते: “अगं, मला तुझी कलवरी होता येणार नाही, आणि पाठराखीण म्हणूनही येता येणार नाही. गुरुवारी दादांचं डायलिसिस आहे. वार बदलून मिळतो का ते पाहिलं, नाही मिळत. तू मला विचारलंस हे मी कधी विसरणार नाही. बुधवारी हळदीला मी दुपारपासून तुझ्याजवळ आहे.”

यात ‘नाही’ पहिल्याच वाक्यात आलं. आपल्याकडे आधी पाच मिनिटं ख्यालीखुशाली, मग अडचणी, मग ‘बघू या, प्रयत्न करते’ असं चालतं. ‘बघू या’ हे आपल्याकडचं नकाराचं सभ्य रूप आहे, हे खरं. पण जिवाभावाची मैत्रीण त्याचा अर्थ ‘येईन’ असाच घेते. मग पत्रिकेत नाव छापलं जातं, साडी घेतली जाते आणि शेवटच्या आठवड्यात तिला दुसरं माणूस शोधावं लागतं. म्हणून नकार पत्रिका छापायला जाण्याआधी पोचलाच पाहिजे.

दुसरं, कारण एकच सांगितलं आणि तेही खरं. ऑफिसचं काम, प्रवास, तब्येत अशी चार कारणं जोडली की ऐकणाऱ्याला त्यातलं एकही खरं वाटत नाही. शिवाय आपल्या दोन तालुक्यांत खोटं कारण टिकत नाही. आठवडे बाजारात कोणी तरी भेटतंच आणि सांगतं, “ती तर त्या दिवशी घरीच होती.”

तिसरं, जे हातात नव्हतं त्याचा शब्द दिला नाही. ‘पाठवणीपर्यंत पोचते’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण दादांचा रक्तदाब उतरला असता तर मी पोचले नसते, आणि ती गाडीत बसतानासुद्धा रस्त्याकडं पाहत राहिली असती. हळदीचा बुधवार मात्र माझ्या हातात होता, म्हणून तेवढाच शब्द दिला.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाईट वाटलंय.” मी म्हटलं, “वाटणारच.” तिथं मी पुन्हा डायलिसिस समजावत बसले नाही. कारण पुन्हा पुन्हा सांगितलं, की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते, आणि तिच्या दुःखाला जागाच उरत नाही. पुढचे आठ दिवस तिचा फोन आला नाही. मी रोज मेसेज टाकून तिला खुलासा मागितला नाही. नवव्या दिवशी तिनंच विचारलं, “मग आत्याच्या मुलीला विचारू का पाठराखीण म्हणून?” तोवर मी कुणाचं नाव सुचवलं नव्हतं. आपली जागा कुणी घ्यायची हे नवरीनं ठरवायचं असतं. मानाची साडीही त्या आतेबहिणीलाच गेली, तेच योग्य होतं.

सोबतीचा भाग मात्र पूर्ण सोडायची गरज नव्हती. गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री ती फोनवर होती. शुक्रवारी तिनं सांगितलं, की मुलगी जेवायला बाहेर आली नाही. आम्ही बराच वेळ त्यावरच बोललो. रविवारी परतणीला आलेल्या सगळ्यांना आमच्याकडं मासवडीचं जेवण होतं. ती मुलगीही आली होती. तिनं रस्सा दोनदा घेतला.

एक मर्यादाही सांगते. कारण जर मैत्रिणीबद्दलच असेल, म्हणजे हे स्थळ आपल्याला पटलेलं नसेल, तर वडिलांचं आजारपण पुढं करू नये. ती गोष्ट वेगळी, ती समोर बसून, एकदाच आणि पत्रिकेच्या कितीतरी आधी बोलायची. आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर यातलं काहीच बोलायचं नाही. आधी तिला, मग तिच्या आईला, मग इतरांना.

आपल्या बॅचमध्ये आता कुणाची उशिराची लग्नं आहेत, कुणाची दुसरी, आणि लवकरच मुलांची येतील. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा हंगाम सुरू होईल. तेव्हा कुणी विचारलं आणि जमणार नसेल, तर दोन दिवसांत, फोन करून, पहिल्याच वाक्यात सांगा. आणि हळदीला जाऊ असं म्हटलं असेल, तर हळदीला जा.