कॅमेरा भुताचे फोटो काढतो तेव्हा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वन्यप्राण्यांचे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आता काही फक्त अभयारण्यात राहिलेला नाही. १९९०च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेमध्ये वाघ मोजायला तो वापरला, तेव्हा ते संशोधकांचे महागडे साधन होते. आज जुन्नरकडचा ऊस पिकवणारा शेतकरीसुद्धा तो विकत आणून बांधावर लावतो. लावतो, आठ-दहा दिवसांनी कार्ड काढतो आणि हजारभर फोटो बघत बसतो. फोटोत गवत असते, उसाचे पाचट असते, ऊन असते. प्राणी मात्र नसतो.

जुन्नर तालुक्यातले एक अण्णा माझ्या परिचयाचे आहेत. मागच्या फेब्रुवारीत त्यांनी मला असेच एक कार्ड आणून दिले आणि म्हणाले, "सर, हा कॅमेरा भुताचे फोटो काढतोय. बघा काय ते." बारा दिवसांत १,३१२ फोटो! अण्णांची अडचण चेष्टेची नव्हती. उसाची तोड पंधरा-वीस दिवसांवर आली होती. तोडणी कामगारांच्या कोप्या दर वर्षी विहिरीजवळच्या बांधाला पडत. त्या कोप्यांत लहान मुले असतात. त्या बांधावरून बिबट्या जातो का, एवढेच त्यांना खात्रीने कळायला हवे होते. वासराची शिकार दोन शेते पलीकडे झाली होती.

आता हा कॅमेरा नेमके काय पाहतो, ते आधी समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की समोर काही हलले की तो फोटो काढतो. तसे नाही. काचेच्या भिंगाखाली किंवा वर एक पांढुरकी, फुगीर प्लॅस्टिकची खिडकी असते. तिच्यामागे उष्णता ओळखणारा संवेदक बसवलेला असतो. ती खिडकी समोरच्या जागेचे उभे पट्टे पाडते. आजूबाजूपेक्षा गरम असलेली वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली, की संवेदकाला फरक जाणवतो आणि तो कॅमेऱ्याला जागे करतो. म्हणजे हालचाल हवी आणि तापमानातला फरकही हवा. म्हणूनच कॅमेऱ्याच्या समोरून आडवा जाणारा प्राणी चटकन पकडला जातो, आणि सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारा प्राणी उशिरा. साप तर बहुधा पकडलाच जात नाही, कारण त्याचे अंग जमिनीइतकेच गार किंवा गरम असते.

यावरून भुतांचा पहिला प्रकार उलगडतो. दुपारच्या उन्हात उसाचे पाते तापते. वाऱ्याने ते डोलले, की गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली, एवढेच संवेदकाला कळते. त्याच्या दृष्टीने तो बिबट्याच. रात्री तेच पाते कितीही डोलले तरी ते हवेइतकेच गार असते, त्यामुळे सहसा काही होत नाही. म्हणून कोरे फोटो हाती आले की ते एकेक करून बघत बसू नये. प्रत्येक फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ आणि बहुतेक कॅमेऱ्यांत तापमानही छापलेले असते. आधी वेळ पाहावी.

अण्णांच्या १,३१२ फोटोंपैकी १,१८० सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळातले होते. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून होता, आणि उसाची पाती त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर होती. तेव्हा नव्वद टक्के भुते उन्हाची निघाली.

उरले १३२. त्यातल्या ७४ फोटोंत अण्णा स्वतः, त्यांचा कुत्रा आणि रात्री पाणी धरायला येणारा गडी होते. मोटारीची पेटी तिथेच असल्याने ही मंडळी तिथे थांबत. राहिले ५८. हे मात्र खरे कोडे. कारण ते रात्रीचे होते, बहुतेकांत गवत व्यवस्थित उजळलेले दिसत होते, आणि फोटो रिकामा. त्यातल्या एकात पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी उजव्या कडेला शेपटीचा एक तुकडा होता. अण्णा म्हणाले, "ही काय मांजराची शेपटी नाही."

शेपटी आली आणि धड का नाही? इथे प्रश्न येतो कॅमेऱ्याच्या चपळाईचा. संवेदकाने इशारा दिल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ट्रिगर स्पीड म्हणतात. खोक्यावर तो सेकंदाच्या दशांशात छापलेला असतो, पण त्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. तो बहुधा दिवसाच्या, उत्तम परिस्थितीतल्या फोटोचा असतो, आणि व्हिडिओ सुरू व्हायला तर आणखी वेळ लागतो. त्यापेक्षा आपणच मोजावे. पायवाटेवर कॅमेऱ्याच्या बरोबर समोर एक दगड ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर-वीतभर न मोजता एक-एक फुटावर दगड मांडत जा. कॅमेरा चार मीटर दूर ठेवा आणि रोजच्या चालीने आडवे जा. माणूस साधारण सेकंदाला सव्वा मीटर, म्हणजे चार फूट चालतो. कुठल्या दगडापाशी तुम्ही फोटोत दिसता ते पाहा. अण्णा मधल्या दगडाच्या चार दगड पुढे दिसले. म्हणजे कॅमेरा सुमारे एक सेकंद उशीर करत होता.

हा एक सेकंद चालेल की नाही, हे अंतरावर ठरते. अण्णांचा कॅमेरा वाटेपासून दीड मीटरवर होता. नेहमीच्या भिंगाने दीड मीटरवर जेमतेम दीड मीटर रुंदीचाच तुकडा दिसतो. मध्यापासून कड पाऊण मीटरवर, आणि बिबट्या सावकाश चालला तरी सेकंदात सव्वा मीटर पुढे गेलेला. फोटो निघतो तेव्हा तो बाहेर! चार मीटरवर तेच भिंग साडेतीन मीटरहून जास्त रुंदी दाखवते, मग उशीर झाला तरी प्राणी चौकटीत सापडतो. धावत्या कोल्ह्याचे मात्र तरीही सांगता येत नाही. महागडा, चपळ कॅमेरा घेण्याआधी मागे सरकून पाहावे, असे माझे मत आहे. शिवाय वाटेला काटकोनात न लावता तिरका, वाटेच्या लांबीकडे बघेल असा लावला, की प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. आणि एका इशाऱ्याला एकच नव्हे, लागोपाठ तीन फोटो काढायचे ठेवावेत. काही कॅमेऱ्यांत संवेदकाची नजर भिंगापेक्षा रुंद असते. अशा वेळी पहिला फोटो रिकामा आणि दुसऱ्यात प्राणी, असे होते.

उंचीबद्दलही सांगतो. अण्णांनी कॅमेरा छातीच्या उंचीवर बांधून खाली झुकवला होता. चोरीच्या भीतीने लोक असेच करतात. पण संवेदकाचा पट्टा उभ्या दिशेने फार मोठा नसतो. उंचावरून तिरका केला की तो जमिनीच्या एका छोट्या तुकड्यावर पडतो, आणि त्याच्या अलीकडून-पलीकडून जाणारे सगळे सुटते. बिबट्यासाठी गुडघ्याएवढी, सुमारे ४५ सेंटीमीटर उंची ठेवावी आणि कॅमेरा जमिनीला समांतर असावा. मुंगूस किंवा उदमांजर हवे असेल तर त्याहून खाली. बसवून झाल्यावर कॅमेरा चाचणीच्या अवस्थेत ठेवून त्याच्यासमोरून रांगत जावे. दिवा लुकलुकला तर ठीक. शेजारचे लोक हसतात, हसू द्यावे.

संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय असते. कोरे फोटो आले की लोक पहिल्यांदा ती कमी करतात. फेब्रुवारीत रात्री गारठा असतो आणि जनावराचे अंग हवेपेक्षा बरेच गरम, तेव्हा मध्यम ठेवून भागते. पण एप्रिल-मे महिन्यात हवा, जमीन आणि जनावराची कातडी यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. तेव्हा कमी संवेदनशीलता म्हणजे कॅमेरा झोपवून ठेवणेच. कोरे फोटो निदान दिसतात तरी, हुकलेला प्राणी मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून बिबट्यासाठी मी दुसरा मार्ग सुचवतो. बहुतेक कॅमेऱ्यांत कामाचे तास ठरवता येतात. संध्याकाळी साडेपाच ते सकाळी आठ असे तास ठेवावेत. दुपारची भुते आपोआप जातात आणि संवेदनशीलता हवी तेवढी वाढवता येते. दिवसा फिरणारे मोर आणि मुंगूस यात दिसत नाहीत, पण अण्णांचा प्रश्न मोराचा नव्हता.

राहिला सेलचा प्रश्न. अण्णांच्या कार्डावर शेवटच्या चार रात्रींचे फोटो कोरे नव्हते, काळे होते. हा फरक ध्यानात घ्यावा. कोऱ्या फोटोत गवत उजळलेले असते. काळ्यात काहीच नसते, कारण रात्रीचा अवरक्त दिवा लागलेलाच नसतो. दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळे, असे दिसले की सेल थकले. दिव्याला एकदम जास्त वीज लागते आणि थकलेल्या सेलचा दाब त्याच क्षणी कोसळतो. अण्णांच्या कॅमेऱ्यात आठ पेन्सिल सेल होते. चार नवे, चार टॉर्चमधून काढलेले. जुना सेल सगळ्या माळेला खाली ओढतो, म्हणून आठही एकाच वेळी, एकाच जातीचे घालावेत. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल इथे चालत नाहीत. अल्कलाइन चालतात, पण त्यांचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरत जातो. चार्ज करता येणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात. आठांचे मिळून १२ऐवजी ९.६ व्होल्ट होतात, त्यामुळे काही कॅमेरे ते भरलेले असूनही थकलेले समजतात. कॅमेऱ्याच्या यादीत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती जरूर वापरावी. चार्ज न होणारे लिथियम सेल महाग, पण शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा दाब देतात. त्यांची खोड एवढीच, की शिल्लक भरपूर दिसत असते आणि एका रात्री अचानक संपते. तेव्हा तारीख लिहून ठेवावी.

आम्ही बांध वळतो तिथे जाड लाकडी खुंट रोवला. बारीक झाडाला कॅमेरा बांधला तर झाड डोलताना समोरचे सगळे चित्रच संवेदकापुढे हलते. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेला केले, समोरचे गवत आणि वाकलेली पाती कापली, वाट चार मीटरवर तिरकी घेतली, आठही सेल नवे घातले.

बारा दिवसांनी ९६ फोटो मिळाले. ससा, साळिंदर, एक कोल्हा, आणि दोन वेळा बिबट्या. एकदा रात्री दोन पन्नासला, एकदा चार वाजून दहा मिनिटांनी. दोन्ही वेळा तो विहिरीकडून उसाकडे, म्हणजे कोप्या पडायच्या जागेवरूनच गेला होता. कोरे फोटो सतराच होते.

त्या वर्षी कोप्या घरामागच्या मोकळ्या खळ्याजवळ पडल्या आणि अण्णांनी तिथे रात्रभर दिवा लावला. बिबट्या फोटोत आला नसता तरी मी त्यांना हेच सांगितले असते, कारण एका वाटेवरच्या कॅमेऱ्याला दुसरी वाट दिसत नाही. आपल्या शेतात कॅमेरा लावायला हरकत नाही, पण राखीव जंगलात लावायचा तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. अण्णांचा कॅमेरा आता ऊस तुटल्यावर ओढ्याच्या कडेला गेला आहे. मे महिना आहे, म्हणून संवेदनशीलता सगळ्यात वर ठेवली आहे.