स्लाइडवरचा इमोजी: कुठे शोभतो, कुठे खटकतो

मी साकोलीहून बोलतेय. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते आणि संध्याकाळी कुणा ना कुणाचं प्रेझेंटेशन बघून देते. त्यात एक प्रश्न हमखास येतो: “ताई, आयकॉन शोधत बसण्यापेक्षा इमोजी टाकला तर चालेल का?” आज फक्त याच प्रश्नावर बोलू.

उत्तराआधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इमोजी हे चित्र नाही, ते अक्षर आहे. जसा ‘क’, तसाच 🌾. याला युनिकोडमध्ये U+1F33E असा क्रमांक आहे आणि नाव आहे EAR OF RICE, म्हणजे आपल्या धानाची लोंबी. तुम्ही स्लाइडवर 🌾 टाकता तेव्हा फाइलमध्ये जातो फक्त हा क्रमांक. चित्र काढतो तो समोरच्या मशीनचा फॉन्ट. विंडोजवर Segoe UI Emoji, आयफोन-मॅकवर Apple Color Emoji, बऱ्याच अँड्रॉइडवर Noto Color Emoji, सॅमसंगचा तर स्वतःचाच वेगळा. म्हणजे तुम्ही स्लाइड बनवली एका चित्राची आणि हॉलमध्ये दिसलं दुसरंच, असं सहज होऊ शकतं.

आता एक उदाहरण घेऊ, आपल्या मातीतलं. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्याला काही नवीन नाहीत. समजा तुम्हाला अशा दहा तलावांतला गाळ काढण्यावर स्लाइड करायच्या आहेत. विषय एकच, पण हॉल दोन. पहिला हॉल शाळेचा, समोर आठवीची मुलं. दुसरा पंचायत समितीचा, समोर अधिकारी, आणि बैठकीनंतर त्याच स्लाइडची प्रिंट फाइलला लागणार.

शाळेत इमोजी मजा आणतो. एका स्लाइडवर मोठा 💧, खाली दोन शब्द: ‘तलावाचं पाणी’. पुढच्या स्लाइडवर 🌾, त्याच्या पुढे 🐟. तलाव कोणाकोणाला पोसतो हे मुलांना वाचायच्या आधीच कळतं. मासा थोडा वेगळा दिसला तरी मासाच असतो, बिघडत काहीच नाही. का? कारण तिथे तुम्ही स्वतः उभे आहात. स्लाइड तुमच्या बोलण्याला साथ देतेय, आणि बोलण्यात हावभाव शोभतात. फक्त एका स्लाइडवर एकच इमोजी ठेवा आणि तो मोठा ठेवा. प्रत्येक ओळीला वेगळा लावला की मुलं ओळ सोडून इमोजीच मोजत बसतात.

आता तीच फाइल पंचायत समितीत उघडा. तिथे मुख्य स्लाइड असते तक्त्याची: कोणत्या तलावाचं काम कुठवर आलं. पटकन सुचतं ते असं: काम झालं तिथे 🟢, सुरू आहे तिथे 🟡, अडलं आहे तिथे 🔴. लॅपटॉपवर सुंदर दिसतं. पण इथे दोन अडचणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली अडचण वयाची. लाल गोल युनिकोडमध्ये 2010 साली आला. हिरवा आणि पिवळा आले थेट 2019 मध्ये. (आपला रिक्षा 🛺 आणि पणती 🪔 पण त्याच वर्षीच्या.) बैठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर त्याआधीच्या विंडोजवर अडकलेला असेल, तर त्याच्या फॉन्टमध्ये हे दोन गोल नाहीतच. तिथे रिकामा चौकोन दिसतो. म्हणजे पडद्यावर काय उरलं? फक्त लाल. सात तलावांचं काम पूर्ण झालेलं असलं तरी समोरच्याला दिसतात अडलेली कामं आणि बाकी डबे. तुमची मेहनत तिथेच झाकली जाते.

दुसरी अडचण झेरॉक्सची. तक्ता काळा-पांढरा छापला की लाल गोल आणि हिरवा गोल दोन्ही जवळपास सारखेच राखाडी होतात. कोणतं काम झालं आणि कोणतं अडलं, कागदावरून सांगता येत नाही. शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांना तर पडद्यावरही कळत नाही.

म्हणून तिथे सरळ शब्द लिहा: ‘पूर्ण’, ‘सुरू’, ‘अडलेले’. रंग हवाच असेल तर रकान्याला हलका भरा, पण अर्थ शब्दावर सोडा, रंगावर नाही.

तिसरी गोष्ट दिसण्याची. सरकारी किंवा ऑफिसच्या डिझाइनमध्ये साधारण दोनच रंग असतात, समजा गडद निळा आणि करडा. आयकॉन असला तर तुम्ही त्याला निळा करता. इमोजीला करता येत नाही. फॉन्टचा रंग बदला, अक्षरं निळी होतील, 🐟 मात्र आपल्याच रंगात राहील, कारण त्याचे रंग फॉन्टच्या आत बसवलेले आहेत. शांत निळ्या पानावर तो चमकदार, सावली असलेला मासा लग्नपत्रिकेतल्या स्टिकरसारखा वाटतो. खटकतं ते इथे.

देवनागरीत अजून एक गंमत होते. मराठी ओळीत मध्येच इमोजी टाकला की तो शिरोरेषेच्या वर डोकं काढतो. त्याचा फॉन्ट वेगळा, त्याची उंची वेगळी, त्यामुळे त्या ओळीभोवतीची जागा वाढते. पाच मुद्द्यांपैकी दोनच मुद्द्यांत इमोजी असेल तर ओळींमधलं अंतर कमी-जास्त दिसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी वाकडं आहे हे जाणवतं. उपाय सोपा आहे: इमोजी ओळीत टाकू नका, डावीकडे वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवा.

मग इमोजी हवाच असेल तर? तीन मार्ग आहेत. पहिला, त्याचं चित्र करून टाका. पॉवरपॉइंटमध्ये इमोजीचा बॉक्स कॉपी करा, Paste Special मधून Picture (PNG) निवडा. आता ते अक्षर राहिलं नाही, चित्र झालं, कुठल्याही मशीनवर तसंच दिसेल. फक्त आधी मोठा करून मग कॉपी करा, नाहीतर नंतर ताणल्यावर कडा फुटतात. दुसरा, गूगल फॉन्ट्सवरचा Noto Emoji. हा एकरंगी आहे, नुसत्या रेषांचा, आणि फॉन्टचा रंग त्याला लागतो. निळ्या डिझाइनमध्ये निळा मासा हवा असेल तर हाच. पण तो समोरच्या मशीनवर नसेल तर पुन्हा रंगीत मासा येईल, म्हणून याचंही चित्र करा किंवा PDF न्या. तिसरा, पॉवरपॉइंटच्या Insert मधले Icons. औपचारिक स्लाइडला हेच सगळ्यात बरे, एका हाताने काढल्यासारखे दिसतात.

आणि नेण्याआधी तपासायचं कसं? फाइल दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर पाठवून उघडा. एक पान काळं-पांढरं छापून बघा. जमलं तर हॉलमधल्याच कॉम्प्युटरवर अर्धा तास आधी एकदा चालवा. चौकोन दिसायचे असतील तर तेव्हाच दिसतील.

माझी फूटपट्टी एवढीच: स्लाइड तुमच्यासोबत बोलणार असेल तर इमोजी चालेल. स्लाइड तुमच्या मागे, कुणाच्या टेबलावर एकटी वाचली जाणार असेल तर नको. आता शेवटच्या पानावरच्या 🙏 चं काय, असं काही जण विचारतील. तो शाळेत बिनधास्त ठेवा. बैठकीत मात्र ‘धन्यवाद’ लिहा आणि नमस्कार स्वतः हात जोडून करा. भेटू पुढच्या भागात!