रडू आवरत नाही : पक्षाघात आणि पुरुषांची लाज



पत्रिकेत माझा विषय ‘पुरुषांचं रडणं’ असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचा माझा अधिकार नाही, म्हणून तो मी माझ्यापुरता लहान करून घेतो. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुढे काही महिने अगदी क्षुल्लक कारणाने, कधी कारणच नसताना, रडू कोसळतं. मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण पाचांतल्या एका रुग्णाला हा त्रास होतो. बायकांना होतो तसाच पुरुषांनाही होतो. पण आपण होऊन सांगणारा पुरुष विरळाच. हात उचलत नाही हे तो सांगतो, लघवी आवरत नाही हेही अडखळत सांगतो. रडण्याचं मात्र गिळून टाकतो.

एक उदाहरण सांगतो. दोन-तीन रुग्णांच्या हकिगती मी त्यात मिसळल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख पटायला नको. त्यांना आपण तात्या म्हणू. वय 61, एसटीतून निवृत्त झालेले चालक, उमेदीची सगळी वर्षं घाटातल्या गाड्यांवर गेलेली. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावा हात-पाय लुळा पडला. पाय बऱ्यापैकी सुधारला, काठी घेऊन चालू लागले. दोन महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला तो तक्रार घेऊनच. तात्या व्यायामाला जात नाहीत, पारावर जात नाहीत, कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग करतात. “मनानं खचलेत, डॉक्टर. तुम्हीच जरा धीर द्या.” मोठे काका घरी येऊन सुनावून गेले होते, तेही कळलं : घाटात गाडी मारणारा गडी आणि बायकांसारखा मुळूमुळू रडतो!

मुलासमोर हा विषय निघत नाही, हे अनुभवानं माहीत झालेलं आहे. मुलाला फाइल देऊन खाली पाठवलं आणि विचारलं, “तात्या, हल्ली रडू लवकर येतं का हो? पूर्वीपेक्षा?”

“येतं.”

“येताना आधी चाहूल लागते, की एकदम?”

“एकदम.”

“आवरता येतं?”

“नाही ना आवरत. तेच तर...” आणि चेहरा वेडावाकडा झाला, श्वास हुंदक्यांत अडकला, डोळे वाहू लागले. मी काही बोललो नाही, समोरचा कागद लिहीत राहिलो. मिनिटभरात सगळं थांबलं. त्यांनी उजव्या हातानं तोंड पुसलं आणि जे म्हणाले ते वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभावं : “डॉक्टर, मला वाईट नाही वाटत. नुसतं रडू येतं.”

ते काय सांगत होते ते समजायला ओपीडीतली एक साधी तपासणी पुरेल. तोंड वाकडं झालेल्या रुग्णाला आम्ही सांगतो, “दात दाखवा.” तो प्रयत्न करतो आणि ओठाची एकच बाजू सरकते. मग त्याचा नातू काहीतरी गंमत करतो, रुग्ण खरोखर हसतो आणि बऱ्याचदा त्या हसण्यात दोन्ही बाजू सारख्या हलतात. तोच चेहरा, तेच स्नायू. म्हणजे हुकमानं हलवायची वाट वेगळी आणि भावनेनं हलायची वाट वेगळी. रडण्याचंही तसंच. रडणं म्हणजे फक्त डोळ्यांतलं पाणी नव्हे. चेहरा, घसा, स्वरयंत्र आणि छातीचा पडदा यांची ती ठरलेली एकत्र हालचाल आहे, आणि तिची जुळणी मेंदूच्या खोडात, मानेच्या थोडं वर, होते. वरच्या मेंदूकडून तिथे ज्या वाटा उतरतात, त्या ही हालचाल कुठे होऊ द्यायची आणि कुठे दाबायची हे ठरवतात. झटक्यात या उतरत्या वाटा तुटल्या, की खालची जुळणी शाबूत राहते आणि वरचा लगाम सुटतो. तात्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं : इंजिन ठीक आहे, ब्रेकची नळी फुटलीय. हे त्यांना फारच पटलं. घरी जाऊन त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलं.

ही काही नवी गोष्ट नाही. चार्ल्स डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर जे पुस्तक लिहिलं, त्यात अर्धांगवायूसारख्या मेंदूच्या आजारांत माणसं सहज रडू लागतात याची नोंद आहे. त्याच पुस्तकात तो असंही लिहितो, की इंग्रज पुरुष अगदी तीव्र दुःखाशिवाय क्वचितच रडतात, युरोपातल्या काही भागांतले पुरुष मात्र मोकळेपणानं रडतात. 1924 साली लंडनचे मेंदूतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी अशा आवर न घालता येणाऱ्या हसण्या-रडण्यावर सविस्तर निबंध लिहिला. हसण्याचंही होतं, बरं का. मयताला गेलेला माणूस खो खो हसत सुटतो आणि लाजेनं मरायची वेळ येते.

आता लाजेकडे येतो. रडणं आवरणं ही पुरुषानं कमावलेली गोष्ट आहे. लहान मुलगा आणि लहान मुलगी रडण्यात फारशी मागेपुढे नसतात. वयात येताना मुलाचं रडणं झपाट्यानं कमी होतं. ‘रडूबाई’ म्हणून चिडवणं, ‘बांगड्या भर’ म्हणणं, बापानं नुसतं डोळे वटारून पाहणं, या सगळ्यातून तो शिकतो. जबडा घट्ट धरायचा, श्वास वरच्या वर घ्यायचा, नजर वर करायची. तात्या हे बारा-तेराव्या वर्षी शिकले आणि पुढे कधी चुकले नाहीत. आईच्या अंत्यविधीलाही नाही. झटक्यानं त्यांचं जे गेलं, त्यात हे कसबही गेलं.

आपल्याकडे पुरुषानं रडूच नये असं मात्र म्हणता येत नाही. कीर्तनात डोळे पुसणारा वारकरी पाहून कोणी त्याला बायल्या म्हणत नाही. अश्रू हे तर अष्टसात्त्विक भावांतलं एक लक्षण मानलं आहे. लेक सासरी निघाली की बापानं रडावं, ही तर अपेक्षाच असते. म्हणजे रडायला जागा आहेत, पण त्या ठरलेल्या आहेत. तात्यांच्या मते त्यांचं रडणं बेकायदा होतं. नातीनं “आजोबा, जेवायला चला” म्हटलं, रडू. बातम्यांत झेंडावंदन दाखवलं, रडू. कोणी पाहुण्यानं “आता कसं वाटतंय?” विचारलं की हमखास. मायेचा शब्द, कौतुक, घरच्या माणसाचं नाव, ओळखीचं गाणं, यांनीच हे बहुतेक वेळा सुरू होतं. म्हणून तर ते चारचौघांतच जास्त होतं आणि माणूस चारचौघांना टाळू लागतो.

तात्यांनी व्यायाम का सोडला? एका खोलीत पाच-सहा रुग्ण, व्यायाम शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची. पहिल्यांदा डावा हात खांद्यापर्यंत वर गेला आणि ती ओरडली, “शाब्बास आजोबा!” झालं. तात्या सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं, तिसऱ्या दिवशी रिक्षा मिळाली नाही. मी तपासलं तेव्हा डावा खांदा आखडला होता. बाजूला उचलताना दुखत होता. हात सुधारायच्या ऐन महिन्यांत व्यायाम बंद पडला, तो लाजेपायी. या आजारात अश्रूंनी काही बिघडत नाही, बिघडतं ते असं.

मुलगा म्हणत होता तसं हे नैराश्य होतं का? हा प्रश्न नीट सोडवावा लागतो, कारण पक्षाघातानंतर नैराश्यही बरंच येतं आणि कधी दोन्ही एकदम असतात. मी तात्यांच्या पत्नीला कालनिर्णयच्या पानावर नोंद ठेवायला सांगितली : कधी रडले, आधी काय झालं, किती वेळ, आणि नंतर काय केलं. दोन आठवड्यांनी पान आलं. दिवसाला चार-पाच वेळा, दरवेळी एक-दोन मिनिटं. आणि नंतरच्या रकान्यात : चहा मागितला, पेपर वाचला, क्रिकेट बघून आरडाओरडा केला, भाजीत मीठ कमी म्हणाले. झोप ठीक, भूक ठीक. नैराश्यात असं दिसत नाही. तिथे मन दिवसभर जड असतं, आवडीच्या गोष्टींतला रस जातो, पहाटे जाग येते, जेवण नको वाटतं, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागतं. आणि रडू येईलच असंही नाही. अशी लक्षणं दिसली तर उपचाराची दिशा वेगळी, आणि मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

उपचाराबद्दल. काहींना हा झटक्याचाच परिणाम आहे हे कळणं एवढंच पुरतं. हे रडणं महिन्यांगणिक कमी होत जातं, बऱ्याच जणांचं वर्षभरात ओसरतं. आवेग येताना बसण्याची ढब बदलणं, कपाळ आणि जबडा सैल सोडून हळू श्वास सोडणं, मनात पाढे म्हणणं, याचा थोडा उपयोग होतो. जबडा आवळून दाबायला गेलं की हुंदका वाढतो. फारच त्रास असेल तर औषध. 1993 साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांवर सिटालोप्राम वापरून पाहिलं आणि रडण्याचे झटके काही दिवसांतच उतरले. हे नैराश्याच्या गोळ्यांच्याच गटातलं. पण नैराश्यात परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, इथे तो लवकर दिसतो. गोळी दिली म्हणजे माणूस मनानं खचलाय, असं घरच्यांनी समजू नये.

पण गोळी फुकट मिळत नाही. उतारवयात, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरतं. माणूस गुंगीत जातो, बरळतो. म्हणून दोनेक आठवड्यांनी रक्त तपासायचं. अ‍ॅस्पिरिन चालू असतं, त्यात रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. काळं शौच झालं तर लगेच कळवायचं. या गटातलं फ्लुओक्सेटिन हात-पाय सुधारायला मदत करेल अशी मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. हात-पाय काही जास्त सुधारले नाहीत, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. तेव्हा सरसकट नाही, ज्याचं रडण्यामुळे अडलं आहे त्यालाच, आणि काही महिन्यांनी हळूहळू कमी करत बंद.

तात्यांना लहान मात्रेत गोळी दिली. दुसऱ्या महिन्यातल्या पानावर आठवड्याला दोन-तीन नोंदी होत्या. ते व्यायामाला परत गेले, त्याआधी मी त्या मुलीशी फोनवर बोललो : कौतुक करा, पण सपक आवाजात, “ठीक, आता पुन्हा दहा वेळा.” खांदा मोकळा व्हायला बराच काळ गेला आणि पूर्ण कधी झालाच नाही. पारावर तात्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं : “ब्रेक फेल आहे, मी रडलो तर तुमचं चालू द्या.” मोठ्या काकांना हे काही पटलं नाही. ते अजूनही म्हणतात, औषधानं हिंमत आली.

तुम्ही कोणाकडे भेटायला जाल आणि तो असा रडू लागेल, तेव्हा “रडू नका” म्हणू नका, आणि पाठीवरून हात फिरवत गळ्यातही पडू नका. दोन्हींनी ते वाढतं. पावसाचं, शेतीचं जे बोलत असाल ते बोलत राहा. मिनिटभरात तोही बोलू लागतो.

प्रश्नांसाठी वेळ आहे. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल, नाव लिहायची गरज नाही.