मायना कापू नका

१९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली या परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले होते. अशा गावात मोडीच्या अभ्यासकांपुढे बोलण्याचा मान मोठा आहे. मराठवाड्यातील कागदपत्रांच्या कामाचा आढावा मी घ्यावा अशी संयोजकांची अपेक्षा होती. तो आढावा छापून आपल्या हाती दिलेला आहे. मला मात्र अनेक वर्षे मनात राहिलेली एकच तक्रार मांडायची आहे. आपण पत्राचा मायना गाळतो आणि मग फाटलेल्या पत्राचा अर्थ अंदाजाने लावतो.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि कागदाला वाळवी लागते ती बहुधा कडेने. म्हणजे आधी जाते ते क्रियापदच. त्यातून मोडीत विरामचिन्हे नाहीत, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. वाक्य कुठे संपले हे डोळ्यांना दिसत नाही.

गोदाकाठच्या एका देशमुखांच्या वाड्यातील रुमालात मला असे एक पत्र मिळाले. खालचा भाग वाळवीने खाल्लेला, आणि उरलेल्या मजकुराचे शेवटचे शब्द होते ‘रुपये पांचशें पाठवून’. त्यावर आपल्यातल्याच दोन जाणकारांचा वाद झाला. एक म्हणाले, पुढे ‘दिले’ असणार, म्हणजे कारकुनाने धन्याला पैसे पोचते केले. दुसरे म्हणाले, ‘द्यावे’, म्हणजे कारकून पैसे मागतो आहे. दोघांसमोर होते ते लिप्यंतर, आणि त्याच्या माथ्यावर कुणीतरी लिहून ठेवले होते, ‘मायना नेहमीचा’.

मी मूळ कागद उघडला. मायना होता ‘सेवेशी’ आणि ‘विज्ञापना ऐसीजे’ असा. म्हणजे लिहिणारा खालचा, वाचणारा वरचा. पुढे होते की स्वामींचे आज्ञापत्र पावले, त्यात आज्ञा की... आणि तिथून थकलेल्या वसुलाची हकिकत सुरू होत होती. त्या काळचा लेखक उत्तर देताना आधी आलेल्या पत्रातला मजकूर पुन्हा उतरवतो, मग ‘म्हणोन आज्ञा’ किंवा ‘म्हणोन लिहिले ते कळले’ असे लिहून तो मिटवतो, आणि ‘ऐसीयास’ म्हणून स्वतःचे बोलणे सुरू करतो. या पत्रात फाटलेल्या कडेपर्यंत ‘म्हणोन’ही नव्हते, ‘ऐसीयास’ही नव्हते. तेव्हा पाचशे रुपयांचे ते शब्द कारकुनाचे नव्हतेच. ते धन्याचे होते, आणि धनी चाकराला लिहितो तेव्हा पुढे बहुधा ‘देणे’ येते. दोन्ही जाणकारांचे म्हणणे तिथेच निकालात निघाले. पैसे गेले नव्हते, कारकुनाने मागितलेही नव्हते. हुकूम आला होता, आणि कारकुनाचे उत्तर वाळवीने नेले होते.

आता कुणी विचारेल, त्याने काय उत्तर दिले असेल? वसुलाची रड त्याने इतकी सविस्तर उतरवून घेतली, त्यावरून तो सबब सांगण्याच्या तयारीत असावा असे मला वाटते. पण हे माझे वाटणे आहे. ते टिपेत जाईल, संहितेत नाही. संहितेत ‘देणे’सुद्धा चौकोनी कंसात जाईल. तरीही ‘पाचशे रुपये पोचते झाले’ असे एका पुस्तकात छापले गेले, आणि आज लोक त्याचा आधार देतात. याचा मला राग येतो.

शेवटाकडेही तेवढ्याच काळजीने पाहा. ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विनंती’ यांपैकी काही दिसले, किंवा तळाशी ‘लेखनसीमा’चा शिक्का दिसला, तर मजकूर पुरा झाला आहे. यांतले काहीच नाही आणि खाली कोरा कागद शिल्लक आहे, तर पत्र फाटलेले नाही. तो मसुदा असेल, नाहीतर लिहिणारा मध्येच थांबला असेल. कड सरळ आहे आणि मागे शिक्क्याचा अर्धाच ठसा आहे, तर जोड सुटला आहे. अशा वेळी पुढचा बंद त्याच रुमालात शोधायला हवा. मी स्वतः असे सुटलेले बंद शेजारच्या पुडक्यात पाहिले आहेत.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा कागद महाग होता, छपाई कष्टाची होती. तेव्हाच्या संपादकांनी मायना आखडता घेतला तर मी समजू शकतो. आज आपल्याला ती सबब नाही.

परभणी, पाथरी, गंगाखेड, जिंतूर या भागातील मायन्यांची आणि समाप्तीच्या शब्दांची एक सूची व्हायला हवी. ती कुणी आणि कशी करायची, हे कार्यकारिणीने बसून ठरवावे. पण एक गोष्ट कुणाच्या ठरावाशिवाय होऊ शकते. उद्या सकाळी जो कागद तुम्ही उतरवायला घ्याल, त्याचा मायना पहिल्या अक्षरापासून उतरवा. कागद फाटला तिथे ‘येथे कागद फाटला आहे’ एवढेच लिहा, आणि पुढचे आपल्या पदरचे घालू नका.